कर्करोगाच्या उपचारासाठी मदतनिधीला अर्ज

धर्मादाय निधीकडे उपचारासाठी केलेल्या अर्जाला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. आजार नेमका कोणता आणि तो कुठवर पोहोचला आहे, त्यावर कोणते उपचार किती दिवसांत होणार आहेत, आणि मिळण्यासारख्या सगळ्या सवलती मिळाल्यावर कुटुंबाला किती पैसे कमी पडतात. निधी देणाऱ्या न्यासाची समिती रुग्णाला सहसा पाहत नाही. तिच्यापुढे असतात ती कागदपत्रे आणि त्यांवर जोडलेले एक पान. घरात कर्करोग निघाला की शेतकरी कुटुंब या पानावर बहुधा स्वतःची हलाखी लिहिते आणि शेवटी ‘जास्तीत जास्त मदत व्हावी’ असे म्हणून सही करते. हलाखी खरी असली, तरी समितीला रक्कम ठरवायला त्यातून काही सापडत नाही.

अर्ज कसा उभा राहतो ते समजण्यासाठी एक नमुना घेऊ. रुग्ण यवतमाळ जिल्ह्यातील ४६ वर्षांचा शेतकरी. पाच एकर कोरडवाहू जमीन, कापूस आणि तूर. घरात पत्नी, आई, दुकानात कामाला जाणारा मुलगा आणि शाळेतली मुलगी. पंधरा-वीस वर्षे खर्रा खाण्याची सवय. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला झालेली जखम दोन महिने भरली नाही, तोंड पूर्ण उघडेनासे झाले आणि जबड्याखाली गाठ हाताला लागू लागली. हा नमुना आणि त्यातील रकमा समजावण्यासाठी घेतल्या आहेत. खरे दर प्रत्येक रुग्णालयाच्या अंदाजपत्रकातूनच घ्यायचे असतात.

निदान: कोणता कागद काय सांगतो

कर्करोगाचे निदान पक्के करणारा कागद म्हणजे बायॉप्सीचा अहवाल. जखमेच्या कडेचा लहान तुकडा जागा बधिर करून काढतात आणि पॅथॉलॉजिस्ट तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो. तोंडाच्या कर्करोगात या अहवालावर बहुतेक वेळा ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ असे लिहिलेले असते. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींतून सुरू झालेला कर्करोग, असा त्याचा अर्थ. अर्जासोबत सोनोग्राफी, रक्ततपासण्या आणि औषधांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असेल पण बायॉप्सीचा अहवाल नसेल, तर समितीच्या दृष्टीने निदान झालेलेच नाही.

दुसरा कागद सीटी स्कॅनचा. गाठ किती मोठी आहे, जबड्याच्या हाडात शिरली आहे का आणि मानेतल्या गाठी वाढल्या आहेत का, हे त्यातून कळते. या दोन्हींच्या आधारे डॉक्टर आजाराची अवस्था ठरवतात आणि ती तीन अक्षरांत लिहितात. ‘टी’ म्हणजे मूळ गाठ, ‘एन’ म्हणजे मानेतल्या लसिका ग्रंथी आणि ‘एम’ म्हणजे शरीरात दूरवर झालेला प्रसार. नमुन्यातल्या रुग्णाच्या कागदावर ‘टी४ए, एन१, एम०’ असे आहे. गाठ जबड्याच्या हाडात शिरली आहे, मानेच्या त्याच बाजूला तीन सेंटिमीटरपर्यंतची एक ग्रंथी बाधित दिसते आणि दूर कुठेही प्रसार आढळलेला नाही, असे यातून वाचायचे.

या तीन अक्षरांची बेरीज ‘अवस्था ४ए’ अशी होते आणि इथेच मोठा गैरसमज होतो. ‘चौथी स्टेज’ ऐकून घरचे खचतात. समितीतल्या डॉक्टर नसलेल्या सदस्यालाही वाटते की आता पैसे देऊन उपयोग काय. तोंडाच्या कर्करोगात मात्र चौथ्या अवस्थेचे पोटभाग आहेत. फुप्फुस किंवा अन्यत्र प्रसार झालेला असेल तर ती ‘४सी’ अवस्था. ‘४ए’ म्हणजे आजार त्याच भागात वाढलेला आहे, पण शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगा आहे. अशा रुग्णावर रोग बरा करण्याच्या हेतूनेच उपचार होतात. म्हणून डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात ‘उपचार रोग बरा करण्याच्या उद्देशाने’ असे स्पष्ट वाक्य मागून घ्यावे. केवळ ‘कॅन्सर, स्टेज ४’ एवढेच लिहिलेला कागद अर्जाचे नुकसान करतो.

आजार दूरवर पसरला असेल, तर तेही लपवू नये. वेदना कमी करणे, गिळता येणे, जखमेची निगा राखणे यासाठीही मदत मागता येते. त्या खर्चाचा हिशेब वेगळा असतो आणि अर्जात तो तसाच मांडावा लागतो.

उपचारांचा क्रम आणि दिवस

हाडात शिरलेल्या गालाच्या कर्करोगावर पहिला उपचार शस्त्रक्रिया. गाठ आणि जबड्याचा बाधित भाग काढतात, मानेतल्या ग्रंथी काढतात आणि पडलेली पोकळी छातीच्या, हाताच्या किंवा पायाच्या ऊतीने भरून काढतात. रुग्ण आठ-दहा दिवस किंवा थोडा अधिक काळ रुग्णालयात राहतो आणि सुरुवातीला नाकातून घातलेल्या नळीने पातळ आहार घेतो.

काढलेला सगळा भाग पुन्हा पॅथॉलॉजीत जातो. एक-दोन आठवड्यांत येणारा हा अहवाल पुढचा खर्च ठरवतो. आजार एवढा वाढलेला असला की शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन द्यावेच लागते. पण काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी सापडल्या, किंवा मानेतल्या ग्रंथीचे आवरण फोडून आजार बाहेर आलेला दिसला, तर रेडिएशनच्या जोडीला केमोथेरपीही देतात. याचा अर्थ, शस्त्रक्रियेआधी केलेल्या अर्जात सगळा खर्च नक्की सांगता येत नाही. अशा वेळी दोन रकमा लिहाव्यात: नक्की लागणारी, आणि अहवालावर अवलंबून असणारी. नंतर वाढीव मागणीचा अर्ज करण्यापेक्षा हे समितीला अधिक पटते.

रेडिएशन बहुधा ३० वेळा दिले जाते, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. एका वेळच्या उपचाराला काही मिनिटेच लागतात, पण रोज यावे लागते. गाव दीडशे किलोमीटरवर असेल तर सहा आठवडे शहरात राहणे आले. मधे खंड पडला तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला वाव मिळतो. त्यामुळे पैसे संपले म्हणून पंधरा दिवस गावी जाणे हा महागात पडणारा निर्णय ठरतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावे, असा दंडक आहे. अर्जातली सर्वांत महत्त्वाची तारीख हीच. न्यासाची समिती महिन्यातून एकदाच बसत असेल, तर अर्ज कोणत्या बैठकीपुढे जायला हवा ते या तारखेवरून मागे मोजून ठरते.

आधी योजना, मग निधी

खासगी धर्मादाय निधी बहुतेक वेळा पहिल्यांदा एकच विचारतात: सरकारी योजनेचा लाभ घेतला का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित रूपात महाराष्ट्रातील कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा तिच्यात समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि ओळखपत्र पाहून तो प्रकरण मंजुरीसाठी पाठवतो. मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णालयाने रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

दुसरी सवलत धर्मादाय रुग्णालयांची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ ‘कक’ खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकते. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. मुख्यमंत्री सहायता निधी हा तिसरा मार्ग. त्यासाठी कौटुंबिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो आणि मंजूर रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा होते.

नमुन्यातल्या कुटुंबाचे उत्पन्न, शेती आणि मुलाचा पगार धरून, १ लाख ९५ हजार रुपये आहे. म्हणजे मुख्यमंत्री सहायता निधीच्या मर्यादेत ते बसत नाही. धर्मादाय रुग्णालयात ते ‘निर्धन’ ठरत नाही, पण ‘दुर्बल घटक’ म्हणून सवलत मिळते. शस्त्रक्रिया आरोग्य योजनेतून झाली, मात्र त्या रुग्णालयात रेडिएशनचे यंत्र नाही. योजनेतल्या जवळच्या केंद्रावर दोन महिन्यांची प्रतीक्षा आहे आणि हाताशी सहाच आठवडे आहेत. म्हणून योजनेबाहेरच्या एका धर्मादाय रुग्णालयात निम्म्या दरात रेडिएशन घ्यायचे ठरले. हे कारण अर्जात लिहिले नाही, तर ‘योजना असताना पैसे कशाला’ असे म्हणून अर्ज बाजूला पडतो. प्रतीक्षेची तारीख लिहिलेला त्या केंद्राचा कागद सोबत जोडला, तर प्रश्नच उरत नाही.

खर्चाचा हिशेब

हिशेबाचे तीन भाग करावेत. पहिला, झालेला खर्च. बायॉप्सी, सीटी स्कॅन आणि शहराच्या फेऱ्या यांत कुटुंबाचे ३८,००० रुपये गेले आहेत. परिस्थिती कळावी म्हणून ही रक्कम सांगायची, पण मागायची नाही. भरून झालेल्या बिलांची परतफेड बहुतेक निधी करत नाहीत.

दुसरा भाग, रुग्णालयाला द्यायची रक्कम. रेडिएशनचा अंदाज १,४०,००० रुपये, सवलतीनंतर ७०,०००. अहवालात ग्रंथीचे आवरण फुटलेले दिसल्याने केमोथेरपीही लागणार आहे. दर आठवड्याला एक, असे सिस्प्लॅटिनचे सहा डोस. हे औषध जुने आणि तुलनेने स्वस्त आहे. खर्च होतो तो प्रत्येक डोसआधीच्या रक्त आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, सलाइन, उलटीवरची औषधे आणि दिवसभराची खाट यांवर. प्रत्येक वेळचा अंदाज ६,००० रुपये, सहा वेळचे ३६,०००, सवलतीनंतर १८,०००. दोन्ही मिळून ८८,००० रुपये.

तिसरा भाग बहुतेक अर्जांत येतच नाही, आणि उपचार अर्धवट सुटतात ते पुष्कळदा याच्याचमुळे. रेडिएशनआधी दातांची तपासणी करून खराब दात काढावे लागतात, कारण रेडिएशन घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर जखम भरायला त्रास होतो. सिस्प्लॅटिनमुळे ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून कानाची तपासणीही होते. या दोन्हींचे ८,०००. शहरात रुग्ण आणि सोबतीचे माणूस यांचा मुक्काम ४५ दिवस, रोजचे २०० रुपये, म्हणजे ९,०००. दोघांचे जेवण रोजचे ३००, म्हणजे १३,५००. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटले की भाकरी गिळता येत नाही, तेव्हा पातळ पौष्टिक आहाराचे ६,०००. प्रवासाचे ४,५००. एकूण ४१,००० रुपये.

यातला मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च कमी करता येतो. मोठ्या कर्करोग रुग्णालयांजवळ रुग्णांसाठी धर्मशाळा असतात. त्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला रेल्वे भाड्यात सवलत आहे, तिचा छापील नमुना रुग्णालय भरून देते.

शेतीचे उत्पन्न कसे दाखवावे

पगारदार माणूस पगारपत्रक जोडतो. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्याने शेतकऱ्याकडे बहुधा विवरणपत्र नसते. त्याच्या उत्पन्नाचा अधिकृत पुरावा म्हणजे तहसीलदारांचा चालू वर्षाचा दाखला. त्यासोबत सातबारा आणि आठ-अ जोडतात. इथे एक अडचण वारंवार येते. सातबारा सामायिक असेल, तर त्यावर चार भावांची मिळून वीस एकर जमीन दिसते आणि समितीला कुटुंब सधन वाटते. अर्जदाराचा हिस्सा किती आणि जमीन कोरडवाहू की ओलिताची, हे एका वाक्यात लिहावे.

दुसरी गोष्ट पैशाच्या वेळेची. कापूस आणि तूर यांचे पैसे हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. जूनमध्ये हातात असलेली रक्कम बियाणे आणि खतात जाते, सोसायटीचे पीककर्जही पेरणीसाठीच असते. वर्षाचे उत्पन्न १ लाख ९५ हजार असले, तरी जून-जुलैत घरात रोख नसते. शहरातल्या विश्वस्ताला हे आपोआप कळत नाही. कर्जाची बाकी लिहिताना सोसायटीचा किंवा बँकेचा दाखला जोडावा. सावकाराकडून घेतलेल्या पैशांचा कागद नसेल तर तसे स्पष्ट सांगावे.

अर्जाचा मसुदा

वरची सगळी माहिती एका पानात मावते. नमुन्यातल्या रुग्णाच्या पत्नीचा अर्ज असा होईल:

> प्रति, मा. विश्वस्त, उपचार साहाय्य निधी
>
> विषय: तोंडाच्या कर्करोगावरील रेडिएशन व केमोथेरपीसाठी ६०,००० रुपये साहाय्य मिळणेबाबत
>
> महोदय,
>
> माझे पती (वय ४६, व्यवसाय शेती) यांना डाव्या गालाचा कर्करोग असल्याचे बायॉप्सीत निष्पन्न झाले आहे. अवस्था ४ए असून दूर प्रसार नाही. उपचार रोग बरा करण्याच्या उद्देशाने असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत आहे.
>
> ४ जून रोजी महात्मा जोतिराव फुले योजनेतून शस्त्रक्रिया झाली. १८ जूनच्या अहवालानुसार ३० वेळा रेडिएशन आणि केमोथेरपीचे सहा डोस आवश्यक आहेत. हे उपचार १६ जुलैपूर्वी सुरू व्हावेत असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. योजनेतील केंद्रावर त्या मुदतीत जागा नसल्याने धर्मादाय रुग्णालयात सवलतीच्या दरात नोंदणी केली आहे.
>
> सवलतीनंतर रुग्णालयाला ८८,००० रुपये द्यायचे आहेत. त्यांपैकी २८,००० रुपयांसाठी अन्य एका न्यासाकडे अर्ज केला असून निर्णय यायचा आहे. मुक्काम, आहार, प्रवास आणि इतर तपासण्यांचा ४१,००० रुपये खर्च आम्ही दोन शेळ्या विकून व नातेवाइकांच्या मदतीने करत आहोत. उरलेल्या ६०,००० रुपयांची व्यवस्था आमच्याकडे नाही.
>
> आमची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,९५,००० रुपये आहे. रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा करावी, ही विनंती.

दुसऱ्या न्यासाकडे केलेल्या अर्जाची माहिती दडवण्याचे कारण नाही. एका उपचारासाठी अनेक निधींकडून थोडी थोडी रक्कम उभी करणे ही रूढ पद्धत आहे. तीच रक्कम दोघांकडून मागितल्याचे उघड झाले, तर मात्र दोन्हीकडची मदत थांबू शकते.

अर्ज कुठे अडतात

बहुतेक अर्ज आजारामुळे नाही, तर कागदांमुळे मागे येतात. रुग्णालयाच्या फाइलवर एक नाव, आधारवर दुसरे आणि रेशनकार्डावर घरगुती नाव, हे नेहमीचेच. पहिल्या नोंदणीच्या वेळीच आधारप्रमाणे नाव लिहवून घेतले, तर पुढची धावपळ टळते. खर्चाचे अंदाजपत्रक रुग्णालयाच्या छापील कागदावर, तारीख, सही आणि शिक्का असलेले हवे. त्यात ‘कर्करोग उपचार, अंदाजे दोन लाख’ अशी एकच ओळ असेल तर ते परत येते. रेडिएशन, केमोथेरपी आणि तपासण्या वेगवेगळ्या दाखवाव्या लागतात, रुग्णालयाच्या बँक खात्याचा तपशीलही लागतो. योजनेतून झालेल्या शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा एकूण रकमेत धरला, तर समितीला तो खोटा हिशेब वाटतो. कुटुंबाने तो अनवधानाने धरलेला असला तरीही.

मंजुरीपत्र आल्यावर ते रुग्णालयाच्या बिल विभागात द्यावे आणि पोच घ्यावी. डॉक्टरांनी मधेच उपचार बदलले, म्हणजे समजा मूत्रपिंडाच्या तक्रारीमुळे केमोथेरपी चौथ्या डोसनंतर थांबवली, तर निधीला कळवावे. उरलेली रक्कम रुग्णालयाकडून निधीकडे परत जाते. उपचार वाढले तर नव्या अंदाजपत्रकासह पुरवणी अर्ज करता येतो.

‘ट्रस्टचे पैसे मिळवून देतो’ म्हणून टक्केवारी मागणारे लोक रुग्णालयांच्या आवारात भेटतात. धर्मादाय निधीच्या अर्जाला शुल्क नसते आणि मंजूर रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जात असल्याने मध्यस्थाची गरजही नसते. अर्ज, कागदपत्रांची यादी आणि कोणत्या निधीकडे जावे याची माहिती रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विनामूल्य मिळते. बायॉप्सीचा अहवाल हाती आला की त्याच आठवड्यात कुटुंबातल्या एकाने तिथे जावे आणि दुसऱ्याने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात.